मेसेजच्या रिपोर्टमध्ये ११८ ऑर्डरी, वेबसाइटवर एकूण ८०. मदत हवी आहे

हापूसघर
गेल्या गुरुवारी आंब्याचा मेसेज टाकला. रिपोर्ट असा आलाय: पाठवले ४,२००, पोचले ३,४१०, वाचले १,९८०, क्लिक २,२६०, ऑर्डरी ११८, बंद केलेले १२. वाचलेल्यांपेक्षा क्लिक जास्त कसे? आणि वेबसाइटवर या पाच दिवसांत रद्द सोडून एकूण ८०च ऑर्डरी आहेत, मग ११८ कुठल्या? उद्या भावाला हिशेब द्यायचाय. कोणाला कळत असेल तर लवकर सांगा.

एसेमेसवाला
मेसेज म्हणजे एसएमएस का? जाहिरातीच्या एसएमएसचा मजकूर जिथे आधी नोंदवावा लागतो, त्या डीएलटीवर टेम्प्लेट मंजूर होतं का? जाहिरातीचा एसएमएस सकाळी १० ते रात्री ९ मध्येच जातो, तुम्ही नऊनंतर टाकला असेल. आणि मराठीत लिहिलात तर ७० अक्षरांनंतर दुसरा एसएमएस धरतात. तुमचे ४,२०० म्हणजे खरं तर २,१०० माणसं असतील.

हिशेबनीस
अहो, 'वाचले' आहे ना रिपोर्टमध्ये, एसएमएसला ते कुठून येणार? व्हॉट्सॲप दिसतंय. ताई, तीन गोष्टी सांगा. लिंक सगळ्यांना एकच होती की प्रत्येकाला वेगळी? ती मजकुरात होती की खाली बटणावर? आणि मेसेज पाठवून रिपोर्ट देणारं टूल कुठल्या ऑर्डरला 'आमची' म्हणतं, सेटिंगमध्ये काही दिवस दिलेत का?

हापूसघर
हो हो, व्हॉट्सॲपच. लिंक एकच, मजकुरात. सेटिंगमध्ये 'मेसेज पोचल्यापासून ७ दिवस' लिहिलंय, आम्ही काही बदललं नव्हतं.

मिठाईवाल्या_मावशी
आमच्या दिवाळी फराळाच्या वेळी असंच झालं होतं. क्लिक धो धो आणि चिवडा तसाच पडून. लोक नुसते भाव बघतात गं. तू भाव मेसेजमध्येच टाक, क्लिकची भानगडच नको.

हिशेबनीस
आधी क्लिक बघू. ज्यांनी निळ्या टिका बंद ठेवल्यात ते 'वाचले'मध्ये येतच नाहीत, क्लिकमध्ये मात्र येतात. शिवाय लिंक एकच, म्हणजे कोणी मेसेज घरच्या ग्रुपवर ढकलला की तिथले सगळे त्याच खात्यात. आणि लिंकखालचं चित्र दाखवायला यंत्रही ती लिंक उघडतं. क्लिकची फाइल उतरवून ब्राउझरचा रकाना बघा. त्यात `facebookexternalhit` किंवा `WhatsApp/2` ने सुरू होणाऱ्या ओळी असतील तर त्या माणसांच्या नाहीत.

ऑर्डरींच्या फाइलमध्ये ऑर्डर नंबराचा रकाना असेल. एकच नंबर पुन्हा पुन्हा आलाय का?

हापूसघर
आलाय! एक नंबर तर चारदा. ११८ ओळी आहेत पण वेगळे नंबर ७१, त्यातले ७ रद्द झालेले. म्हणजे ६४. क्लिकमध्ये यंत्राच्या ५४० ओळी निघाल्या. उरलेले १,७२० क्लिक ९०५ फोनवरून दिसतात.

हिशेबनीस
गिऱ्हाईक यूपीआय ॲपमध्ये जाऊन परत आलं, 'धन्यवाद'चं पान पुन्हा उघडलं, की दुसरी खरेदी मोजली जाते. ऑर्डर नंबर बघून एकदाच मोज, असं टूलला सांगावं लागतं.

आता त्या ६४ मध्ये लिंकवरून आलेल्या किती? लिंकला `utm_source` लावलं होतं का, म्हणजे गिऱ्हाईक कुठून आलं ते कळतं?

हापूसघर
भाच्याने लावलं होतं. ३८ ऑर्डरींवर whatsapp दिसतं, २६ वर काहीच नाही.

हिशेबनीस
मग ते २६ जण आपणहून आले, फक्त त्यांचा नंबर तुमच्या यादीत होता. एप्रिलात तुमचं जुनं गिऱ्हाईक आंबा घेणारच. टूल ते सगळं आपल्या नावावर लावतं. भावाला ३८ सांगा.

कट्ट्यावरचा_बंड्या
पण मेसेज वाचून कोणी नंतर लॅपटॉपवरून सरळ साइट उघडली असेल तर? २६ पूर्ण उडवणं मला पटत नाही. आणि तुलनेला ७९० लोक आहेतच की, ज्यांना मेसेज पोचलाच नाही. त्यांच्यात किती जणांनी घेतलं ते बघा, मेसेजचा खरा परिणाम बाहेर पडेल.

हिशेबनीस
पहिला मुद्दा बरोबर, २६ पैकी काही मेसेजमुळे असतीलही. दुसरा फसवा. ते ७९० चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत. ताई, न पोचलेल्यांपुढे कोड काय आहेत?

हापूसघर
131049 चे ३६५, 131026 चे २४०, 131050 चे ८५. उरलेल्या १०० पुढे नुसतं 'पाठवला'.

हिशेबनीस
बघ बंड्या. 131026 म्हणजे मेसेज पोचवताच आला नाही, त्यात व्हॉट्सॲप नसलेले नंबर येतात. 131049 म्हणजे मेटानेच जाहिरात अडवली, सगळ्या दुकानदारांच्या मिळून एकाच माणसाला फार जाहिराती जाऊ नयेत म्हणून. (तो लगेच पुन्हा पाठवून उपयोग नसतो, मध्ये वेळ जाऊ द्यावा.) ही माणसं मुळातच वेगळी, त्यांची तुलना जुन्या गिऱ्हाइकाशी कशी करणार?

आणि 131050 नीट बघा. त्या ८५ जणांनी तुमच्या जाहिराती व्हॉट्सॲपमधूनच बंद केल्यात, या मेसेजच्या आधीच. रिपोर्टमधले १२ म्हणजे फक्त 'बंद' असं लिहून पाठवणारे. त्या १०० मध्ये काहींचा फोन बंद असेल, काहींनी तुम्हाला ब्लॉक केलं असेल. ब्लॉक केल्याचं कळवत नाहीत, टीक एकच राहते. ८५ जणांना यादीतून काढा आणि भावाला १२ सांगू नका.

एसेमेसवाला
म्हणूनच म्हणतो एसएमएस बरा. DELIVRD आलं की पोचला.

हिशेबनीस
पोचला, पण उघडला का? आणि डीएनडीवाल्यांना जाहिरात जातच नाही, तेही रिपोर्टमध्ये 'फेल' म्हणूनच दिसतं.

कट्ट्यावरचा_बंड्या
ते जाऊ दे. पेटी कितीला आहे? देवगड की रत्नागिरी?

हापूसघर
देवगड. भाव मेसेज करते. हिशेबनीस, एक विचारायचं राहिलं. जे मेसेजलाच उत्तर देतात, 'दोन पेट्या पाठवा' असं, ते यात कुठे येतात?

हिशेबनीस
म्हणजे? चॅटवरूनही ऑर्डर घेता?

हापूसघर
हो मग, निम्मी गिऱ्हाइकं तशीच आहेत. त्या वहीत लिहिते. गुरुवारपासून ५३ झाल्या. त्या वेबसाइटवर नसतात.

हिशेबनीस
अहो ताई, हे पहिल्या ओळीत सांगायचं! मेसेजचा सगळ्यात सरळ परिणाम तोच. ते ना क्लिकमध्ये येतात ना टूलच्या ऑर्डरीत. त्या ५३ जणांचे चॅट उघडा आणि त्यांची ऑर्डर आपल्या मेसेजच्या लगेच खाली आहे का बघा. मधे दुसरं बोलणं झालं असेल तर वेगळं लिहा.

हापूसघर
आत्ता बसून पाहिलं. ३१ जणांनी सरळ मेसेजखालीच लिहिलंय. १४ जणांचं आधीपासून बोलणं चालू होतं. ८ फोनवरचे, त्यांचं काहीच कळत नाही.

हिशेबनीस
मग ३८ अधिक ३१, एकूण ६९. त्याखाली वेगळ्या ओळीत २६, १४ आणि ८, 'सांगता येत नाही' म्हणून. मेसेजचा खर्च ६९ च्या नफ्यावर भागा, विक्रीवर नाही.

पुढच्या वेळी बटणावर प्रत्येकाची वेगळी लिंक द्या. आणि यादीतला दर दहावा माणूस वगळून पाठवा, मग त्या ४२० मध्ये आपणहून घेणारे किती ते कळेल.

मिठाईवाल्या_मावशी
दहाव्या गिऱ्हाइकाला कळवायचंच नाही? सीझन दीड महिन्याचा, आणि हे प्रयोग करायला सांगतात.

हापूसघर
भाऊही हेच म्हणेल, मावशी. तो आता विचारतोय की त्या ६९ मध्ये मेसेज नसता तरी घेतलं असतं असे किती. काय सांगू?