एसपीटी की ईडीडी: मुदत पाहिल्याशिवाय ठरवू नका

> एसपीटीने सरासरी वेळ सगळ्यात कमी येतो, मग ईडीडी शिकायचंच कशाला?

एसपीटी म्हणजे सगळ्यात कमी वेळ लागणारं काम आधी, ईडीडी म्हणजे सगळ्यात जवळची मुदत असलेलं काम आधी. एकाच मशीनचा छापखाना घ्या. लग्नपत्रिकांना 2 दिवस, मुदत दहाव्या दिवसाची. पावतीपुस्तकांना 3, मुदत बाराव्याची. दिवाळी अंकाला 6, मुदत सातव्याची.

एसपीटीने कामं दुसऱ्या, पाचव्या, अकराव्या दिवशी संपतात. सरासरी 6 दिवस, पण अंक 4 दिवस उशिरा! ईडीडीने आधी अंक, मग पत्रिका, मग पुस्तकं: 6, 8, 11. सरासरी 8.33, उशीर शून्य.

मात्र ईडीडी हमी देतो ती फक्त सर्वांत मोठा उशीर कमीत कमी ठेवण्याची. पहिलंच मोठं काम मुदतीत बसणारं नसेल, तर मागची छोटी कामंही रखडतात. प्रश्नात उशिरा होणाऱ्या कामांची संख्या कमी करायची असेल, तर मूर यांची पद्धत लावा.