‘अधिवृक्क’ म्हणजे नेमकं काय?

कोपरीकर: भाचा सव्वादोन वर्षांचा. अंघोळ घालताना बहिणीच्या हाताला डाव्या बरगडीखाली टणक काहीतरी लागलं. सोनोग्राफीत ‘डावा सुप्रारीनल मास, आत कॅल्शियम, मूत्रपिंड खाली ढकललेले’ असं आलंय. आईला मराठीत सांगायचंय. कोशात ‘अधिवृक्क’ मिळाला. तो किडनीचाच भाग ना?

शब्दवेडा, नौपाडा: वृक्क म्हणजे मूत्रपिंड. म्हणजे ही मूत्रपिंडाचीच गाठ. मुलांत तिला विल्म्स म्हणतात.

खारघरची सिस्टर: फोड बरोबर, अर्थ चुकला. ‘अधि’ म्हणजे वर. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली ही वेगळीच ग्रंथी. विल्म्स मूत्रपिंडातूनच वाढते, त्यामुळे मूत्रपिंड तिच्याभोवती ताणलेलं दिसतं. इथे ते नुसतं सरकलंय. त्यात कॅल्शियम आणि हे वय, म्हणून आधी न्युरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कॅन्सरची शंका घ्यायची. अर्थात सोनोग्राफीवर निदान होत नाही. डोळे आणि चालणं कसं आहे?

कोपरीकर: डोळ्यांभोवती काळंनिळं झालंय, पडला असेल असं वाटलं. आठवडाभर चालायला नको म्हणतो, सारखा कडेवर.

ऐरोलीची आई: माझी लेक अशीच लंगडायची. आम्ही तीन आठवडे मुका मार समजून औषध देत बसलो. मुका मार दिवसागणिक कमी होतो, तिचं दुखणं वाढत होतं, रात्री रडत उठायची. शेवटी सीबीसीत हिमोग्लोबिन खूप कमी निघालं, तेव्हा पोट तपासलं.

वाशीचे काका: मलाही अधिवृक्काची गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, काही करू नका. घाबरू नका हो.

खारघरची सिस्टर: काका, मोठ्यांची तशी गाठ बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या थरातली आणि निरुपद्रवी असते. हा हिशेब लहान मुलाला लावू नका. न्युरोब्लास्टोमा आतल्या गाभ्यातल्या, पक्व न झालेल्या चेतापेशींची असते.
कोपरीकर, डोळे आणि पाय ऐकून मला थांबवत नाही. ती हाडांत पोचली की असं होतं. सीबीसी, रक्तदाब आणि लघवीत व्हीएमए, एचव्हीए बघतील. पूर्वी 24 तासांची लघवी साठवावी लागे, आता बहुतेक ठिकाणी एकदाची चालते. ती नॉर्मल आली तरी निर्धास्त होऊ नका, काही गाठी ही द्रव्यं सोडतच नाहीत. पुढचं सीटी किंवा एमआरआय, बोन मॅरो आणि गाठीचा तुकडा हे मुलांच्या कॅन्सर विभागातच व्हावं. परळचं टाटा आहे. उद्याच जा. आणि पोट कुणालाही पुन्हा पुन्हा दाबू देऊ नका.

शब्दवेडा, नौपाडा: माझं चुकलं. आईला मग ‘अर्बुद’ सांगावं का?

ऐरोलीची आई: कुणाला कळणार? पण नुसतं ‘गाठ’ही नको. आमच्या सासूबाईंना ती गळ्यातल्या गाठीसारखी बसेल असं वाटलं होतं.

खारघरची सिस्टर: वॉर्डात आम्ही ‘पोटातला गोळा’ म्हणतो. तोही पूर्ण बरोबर नाही, लोकांना गॅसचा गोळा वाटतो.

कोपरीकर: सकाळी पहिल्या गाडीने निघतोय. आईला एवढंच सांगितलं, किडनीच्या वर काहीतरी वाढलंय.