एक नमुना अपुऱ्या अर्जाचाही द्या

एआयला अर्ज देऊन त्यातल्या माहितीचा तक्ता करून घेणाऱ्यांची एक तक्रार असते: "तक्ता बरोबर येतो, पण अर्जात नसलेला गट नंबरही तो भरून देतो."

रकाने ठरवून दिले की एआय सगळे भरायलाच बघतो, म्हणून रिकामं सोडायची मुभा प्रॉम्प्टमध्येच द्यावी लागते. परभणीत अतिवृष्टीच्या अर्जांसाठी मी लिहितो: 'गाव, गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र काढ, अर्जात नसेल तर "नमूद नाही" लिही, अंदाज करू नको.' सोबत दोन नमुने, त्यातला एक मुद्दाम गट नंबर नसलेल्या अर्जाचा. नुसत्या सूचनेपेक्षा या नमुन्याचा उपयोग जास्त होतो.

शेवटी 'मूळ वाक्य' हा रकाना ठेवा आणि त्यात अर्जातले शब्द जसेच्या तसे मागा. ते अर्जात सापडले नाहीत, तर ती ओळ हातानं तपासायची. एकराचं हेक्टर मात्र एआयकडून न करवता एक्सेलमध्येच करा.