वर्षभर एकच भाव: खोकेवाला नाही म्हणतो

लालबागकर: फरसाणाला वर्षाला 24,000 खोकी लागतात. वसईच्या खोकेवाल्याला म्हटलं, 24 रुपयांनी वर्षाची ऑर्डर घे, महिन्याला 2,000 पाठव, भाव हलवायचा नाही. तो नाही म्हणतो. या लोकांना धंदाच करायचा नाही!

भिवंडीचा खोकेवाला: करायचाय म्हणूनच नाही म्हणतो. तुमचं खोकं 400 ग्रॅमचं धरा. कातरण धरून कागद 440 ग्रॅम. किलोला 40 रुपये म्हटलं तर 17 रुपये 60 पैसे नुसता कागद. कागद 5 रुपयांनी चढला की खोक्यामागे 2 रुपये 20 पैसे गेले, म्हणजे माझा सगळा नफा. मिल मला वर्षाचा भाव देत नाही, मी कुठून देऊ? जो हसत हो म्हणेल तो कागद पातळ करेल.

गिरगावची मसालेवाली: आमच्याकडे हेच झालं. भाव तोच, खोकं दिसायला तेच. जुलैत थप्पीतली खालची खोकी बसली. काट्यावर ठेवलं तर 400 चं 345 भरलं.

भिवंडीचा खोकेवाला: ताई, पावसात कागद ओल धरतो. कोरडं खोकं त्याहूनही हलकं असणार.

लालबागकर: म्हणजे चूक आमचीच. वा!

पर्चेसवाले काका: भावाचे दोन तुकडे करा. मजुरी, छपाई, गाडीभाडं, नफा मिळून 6 रुपये 40 पैसे वर्षभर बांधा. कागदाचा पाया 40. दर तीन महिन्यांनी बघा. 2 रुपयांच्या आत हलला तर कोणी बोलायचं नाही. पुढे गेला तर पायापासूनच्या प्रत्येक रुपयाला 44 पैसे, वर किंवा खाली. खोक्याचं वजनही ऑर्डरवर लिहा. आणि दरमहा सरसकट 2,000 कशाला? दिवाळीआधी 5,000 लागतील, नंतर 800 पुरतील. दोन महिन्यांचा माल तो छापून ठेवेल, तेवढा उचलायची हमी तुमची.

भिवंडीचा खोकेवाला: हमी देतात हो, पैसे कोण देतं? एका गिऱ्हाईकाने 3,000 छापील खोकी चार महिने माझ्या गाळ्यात ठेवली, मग म्हणे पत्ता बदलला. रद्दीत घातली.

अंधेरीचा व्यापारी: 45 दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे. आम्हा सगळ्यांना लागू.

पर्चेसवाले काका: सगळ्यांना नाही. सूक्ष्म-लघु उद्योग, स्वतः माल बनवणारा, उद्यम नोंदणीवाला. तुम्ही नुसते विकता, तुम्हाला नाही. आणि मुदत लेखी नसेल तर 45 नाही, 15 दिवस.

अंधेरीचा व्यापारी: म्हणजे व्यापाऱ्याने उधारीवर मरायचं?

भिवंडीचा खोकेवाला: तक्रार केली की पुढची ऑर्डर शेजाऱ्याला जाते. कायदा फ्रेम करून लावा.

गिरगावची मसालेवाली: अहो, खोक्यांचं बोला!

लालबागकर: बरं, 6.40 बांधतो, काका जिंकले. पण कागद चढला हे त्याच्याच बिलावरून मानायचं?

पर्चेसवाले काका: दर वेळी दुसऱ्या मिलचाही भाव विचारा. फोन तुम्ही करायचा, त्याने नाही.

भिवंडीचा खोकेवाला: उतरला तर बरोबर आठवण होईल यांना. चढला की फोन लागत नाही.