मदत हवी आहे: रक्तदानानंतर पळताना नाडी वाढलेली, किती दिवस चालेल?

मागच्या आठवड्यात ३५० मिली रक्त दिलं. माझी सकाळची, अंथरुणातून उठण्याआधीची नाडी एरवी ६२ च्या आसपास असते. दुसऱ्या दिवशी ती ७० होती आणि उभं राहिलं की आणखी चढायची. दोन दिवसांत ती पूर्ववत झाली. हे समजण्यासारखं आहे, कारण रक्तातला द्रव भाग साधारण एक-दोन दिवसांत भरून निघतो.

अडतंय ते पळताना. नेहमीच्याच वेगाला पूर्वी १३८ असायची, आता १४८ जाते आणि दमही लवकर लागतो. माझा अंदाज असा की द्रव भरला तरी तांबड्या पेशी भरायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागत असावेत. लस घेतल्यावर असं झालं नव्हतं. तेव्हा ताप होता तोवर नाडी चढली, ताप उतरला तशी तीही उतरली.

नियमित रक्तदान करणाऱ्या धावपटूंना विचारायचंय: पळतानाची नाडी जागेवर यायला तुम्हाला किती आठवडे लागले? तोवर वेग कमी ठेवलात का? महिन्याभरानेही फरक राहिला तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही तपासावं असं वाटतंय, कुणी केलंय का? चक्कर, छातीत दुखणं, धडधड यातलं काही नाही. तसं झालं तर इथे विचारत न बसता डॉक्टरांकडेच जाईन.