तक्त्यातला 'चमचा' नेमका कोणता? (७ महिन्यांच्या बाळासाठी मदत हवी आहे)

सानूचीआई: मुलगी ७ महिन्यांची, वजन ७.४ किलो, अंगावरचं दूध चालू आहे. वरचं अन्न सुरू करून तीन आठवडे झाले. एका तक्त्यात 'एका वेळी २-३ चमचे, हळूहळू अर्धा कप' असं आहे, दुसऱ्यात 'रोज ३० ग्रॅम धान्य'. काल बाळाच्या चमच्याने तीन चमचे पेज काट्यावर ठेवली तर भरली १२ ग्रॅम! म्हणजे मी उपाशी ठेवतेय का तिला?

गणिती_बाबा: सोपं आहे. चमचा १५ ग्रॅमचा. ३० ग्रॅम धान्य म्हणजे दोन चमचे पेज, झालं.

पुनर्नवा: बाबा, अर्धंच बरोबर. तक्त्यातला चमचा १५ मिलीचा मोठा मापाचा, आणि घट्ट शिजलेलं अन्न त्यात साधारण १५ ग्रॅमच मावतं. पण कोरडं पीठ त्याच चमच्यात जेमतेम ८ ग्रॅम भरतं. शिवाय ३० ग्रॅम धान्य हे बहुधा कोरडं, शिजवण्याआधीचं वजन असतं. दोन चमचे पेज म्हणजे ते नव्हे.
सानूचीआई, तुमचा चमचा ४ ग्रॅमचा. तक्त्यातले ३ चमचे म्हणजे ४५ ग्रॅम, तुमचे अकराएक. पण आधी सांगा, पेज किती पातळ असते?

सानूचीआई: चमच्यातून ओघळते. १५ ग्रॅम तांदळाची शिजून १९० ग्रॅम होते.

पुनर्नवा: गोम तिथेच आहे. तेच तांदूळ १०० ग्रॅममध्ये बसवा, म्हणजे चमचा तिरका केला तरी पटकन सांडणार नाही. आत्ता ४५ ग्रॅम पेजेत साडेतीन ग्रॅम तांदूळ जातात, तेव्हा पावणेसात जातील. या वयाच्या पोटात किलोमागे साधारण ३० ग्रॅम मावतं, म्हणजे तिच्या पोटात २२० च्या आसपास. त्यात दूधही आलं. पाण्यानेच पोट भरलं तर अन्नाला जागा कुठून? घट्ट पेजेत अर्धा छोटा चमचा तेल घातलंत, तर २० कॅलरी वाढतात आणि आकारमान जवळपास तेवढंच राहतं.

दोनपिल्लांची: माझा मुलगा तर पूर्ण कप संपवायचा, ताई. तुमची का नाही खात?

पुनर्नवा: तो तेव्हा केवढा होता?

दोनपिल्लांची: सव्वा वर्षाचा 😅

सानूचीआई: आज घट्ट करून दिलं. सात चमचे (माझे!) खाल्ले, मग तोंड फिरवलं. अजून चार भरवू का?

पुनर्नवा: नको. तोंड फिरवलं की थांबा, दोन-तीन तासांनी पुन्हा विचारा. आकडा दिवसाचा बघा, एका बैठकीचा नाही. महिन्याच्या वजनाची रेघ सपाट झाली किंवा लंगोट ओले होणं कमी झालं, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.

गणिती_बाबा: मान्य, चुकलो. पण दूध आधी द्यायचं की नंतर?

दोनपिल्लांची: आधी. नाहीतर भुकेने रडून चमचाच भिरकावतात.

पुनर्नवा: मी नंतर म्हणेन, पण फार रडत असेल तर आधी थोडं पाजून बघा. दोन-तीन दिवस दोन्ही करून इथे सांगा.