ताईंचा नवरा वारला: मदत द्यायची, की उचल?

मृणाल (घोडबंदर रोड): आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंचा नवरा परवा हार्ट अटॅकने गेला. वय ४६, रंगकाम करायचा. दोन मुलं शाळेत. ताई कळव्याला राहतात, पाच घरं करतात, तेराव्यानंतर येणार आहेत. खाडे कापायचे नाहीत एवढं ठरलंय. दहा हजार द्यायचे आहेत, ते मदत म्हणून द्यावेत की उचल म्हणून? भेटायला जावं का? यजमान म्हणतात, फार गुंतू नकोस.

अविनाश: उचलच द्या. नुसते हातावर ठेवले की माणूस मिंधा होतो, डोळ्याला डोळा देईनासा होतो. फेडलेल्या पैशात मान असतो. खाडे कापत नाही आहात, ती मदत कमी नाही.

शुभदा: अविनाश, जरा हिशेब मांडा. पगार तीन हजार धरला आणि महिना हजार कापले, तर फेडायला दहा महिने लागतात. नवऱ्याची मिळकत बंद झाली त्याच वर्षी तिच्या हातात तीनाऐवजी दोन हजार पडणार. पाच घरांनी अशीच उचल दिली तर ती खाणार काय? शिवाय उचल अंगावर असली की जादा काम सांगितलं तरी बाई नाही म्हणू शकत नाही. मान जातो तो तिथे.

संध्या, ऐरोली: आमच्या बाईंची सासू गेली तेव्हा त्यांनी जावेला बदलीवर लावलं. जाऊ दोन घरांत कायमची चिकटली आणि यांची घरं गेली. सासूपेक्षा त्याच दुःखाने त्या जास्त रडल्या. म्हणून पैशाआधी स्वच्छ शब्दांत सांगा, ‘काम तुमचंच आहे, या तेव्हा या.’

अविनाश: हे पटतं. पण ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांनी दोन आठवडे काय करायचं? बदलीचा पगारही द्यायचा आणि इकडे खाडेही भरायचे, हे प्रत्येकाला झेपत नाही.

नितीन: संजय गांधी निराधारचा अर्ज भरून द्या. विधवांना महिना १५०० मिळतात. तहसीलदार कार्यालयात सगळं होतं.

देशपांडे काका (निवृत्त, बँक): नितीन, योजना बरोबर, पण प्रत्येक विधवेला मिळत नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं. पाच घरांची कमाई दाखवली की अर्ज तिथेच अडतो. चौकशी जरूर करा, पण तिच्यावर विसंबू नका.

मृणालताई, तुम्ही आधी नवऱ्याचं पासबुक भरून आणायला सांगा. मे-जूनच्या नोंदींत ४३६ रुपये वजा झालेले दिसतात का पाहा, बहुधा शेजारी PMJJBY छापलेलं असतं. ती जीवन ज्योती विम्याची वर्षाची रक्कम. असेल तर कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी वारसाला २ लाख मिळतात. जनधन खातं उघडताना कुणीतरी सही घेतलेली असते आणि घरात कोणाला पत्ताही नसतो. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. खात्यात शिल्लक नव्हती म्हणून यंदाचा हप्ता गेला नसेल, तर गेल्या वर्षीच्या नोंदीचा उपयोग नाही. फक्त २० रुपये कापलेले दिसले तर तो अपघाताचा विमा, हार्ट अटॅकला लागू होत नाही.

दावा त्याच शाखेत करायचा: फॉर्म, मृत्यू दाखला, ताईंचं आधार आणि त्यांचं स्वतःचं पासबुक. अडतं ते नावात. रुग्णालयात घाईत कुणी ‘पप्पू’ किंवा अर्धंच नाव सांगितलं की दाखल्यावर तेच उतरतं आणि आधारशी जुळत नाही. ज्या हद्दीत मृत्यू झाला तिथेच नोंद होते, २१ दिवसांच्या आत. दाखला हातात येण्यापूर्वी नाव तपासून घ्या आणि चार-पाच प्रती काढा. एवढ्यात एटीएमने त्याच्या खात्यातून पैसे मात्र कुणी काढू नयेत.

शुभदा: मृणाल, भेटायला नक्की जा, पण पाकीट चारचौघांत देऊ नका. दिराच्या हातात गेलं की बाराव्या-तेराव्याच्या जेवणात संपतं. ताईंच्याच हातात द्या, नाहीतर त्यांच्या खात्यात भरा.

अविनाश: तेरावं घालणं तिलाही महत्त्वाचं वाटत असेल. पैसे कशावर खर्च करायचे ते आपण ठरवू नये.

मृणाल: आज जाऊन आले. पैसे मदत म्हणूनच दिले, यजमानही सोबत होते. पासबुक थोरल्या दिरांकडे आहे, ते म्हणतात सध्या विषय नको.

देशपांडे काका: दिरांशी वाद नको. खातं कोणत्या शाखेत आहे एवढं ताईंना विचारा. दाखला आणि आधार घेऊन त्या स्वतः शाखेत चौकशी करू शकतात. नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव असेल तर दावा सासूबाईंना करावा लागेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. आणि फार लांबवू नका, दावा ३० दिवसांच्या आत दिलेला बरा.